पहाटे साडेचारचा गणिताचा तास आणि त्याचे डॉलर

मी सांगलीत आठवी ते दहावीचं गणित शिकवते, घरीच, संध्याकाळच्या दोन बॅच. परदेशातल्या मुलांना शिकवायचं असं काही मी ठरवलेलं नव्हतं. २०२४ च्या जानेवारीत ह्यांच्या मावसभावाचा न्यू जर्सीतल्या एडिसनवरून फोन आला, वहिनी पोरीचं अल्जेब्रा काही केल्या जमत नाहीये, आठवड्यातून दोनदा घ्याल का, आणि हो फुकट नाही हं, फी सांगा. मी इथे एकट्या मुलाला घेते तेव्हा तासाला ५०० घेते, ते सांगायला तोंड उघडलं तर हे मागून खुणा करायला लागले, थांब थांब. मग मी म्हटलं १० डॉलर. का १० तर गोल आकडा. ८३ चा भाव होता तेव्हा, ८३० रुपये तासाला, मी तर खूश.

पहिल्या महिन्याचे पैसे भाऊजींनी त्या नेहमीच्या ॲपवरून पाठवले ज्याच्यावरून ते आईला पाठवतात. पटकन आले, कापाकापी जवळपास काही नाही. मी सीए काकांना कौतुकाने सांगायला गेले तर त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, कारण काय टाकलंय? बघितलं तर कारण कुटुंबाच्या खर्चासाठी, P1301. ते म्हणाले अगं ही फी आहे, कमाई आहे, ही घरखर्चाला आलेली मदत नाही. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक पैशाला एक पर्पज कोड असतो, शिक्षण सेवेचा P1107 आहे, तो पाहिजे, आणि ती ॲप्स मुळात घरच्यांना पैसे पाठवायला बनवलेली असतात, धंद्याचे पैसे त्यात घालायचे नाहीत. मी तरी एक शक्कल काढलीच. माझा सख्खा भाऊ टेक्सासला आहे, म्हटलं सगळे पालक तिकडच्या तिकडे त्याच्या खात्यात टाकतील, फुकट होतं ते, आणि तो आईला तसेही दर महिन्याला पैसे पाठवतो ते मी इथे आईला देईन, हिशोब फिट्ट. काका एवढंच म्हणाले, ह्याला काय म्हणतात माहितीये ना? तिकडचे डॉलर तिकडे राहिले आणि इकडचे रुपये इकडे फिरले, परकीय चलनाच्या कायद्यात, फेमामध्ये, हे बसत नाही. विषय संपला.

मग सगळ्यांना माहिती असलेलं एक पेमेंट ॲप घेतलं, ज्यात पालक कार्डने पैसे देतो आणि आपल्या बँकेत आपोआप रुपये येतात. भाऊजी दर तासाचे १० डॉलर त्या त्या दिवशी पाठवायचे, अगदी प्रामाणिकपणे. आणि माझ्या खात्यात यायचे ७३८. मी आधी समजले भाव पडला असेल. मग एका रविवारी वही घेऊन बसले. १० डॉलरवर ४.४ टक्के म्हणजे ४४ सेंट, वर प्रत्येक व्यवहाराला ठरलेले ३० सेंट, राहिले ९.२६. आता हे रुपयात बदलताना ते बाजारभाव देत नाहीत, त्यातून ४ टक्के कमी देतात, म्हणजे ८३ च्या जागी साधारण ७९.७०. गुणा, ७३८ आले. तासाला ९२ रुपये वाटेतच, अकरा टक्के! आणि ह्यातली गंमत अशी की फी म्हणून दिसतात फक्त ७४ सेंट, भावात कापलेले ४ टक्के कुठेच फी म्हणून लिहिलेले नसतात, ते ओळखायचं असेल तर त्या दिवशीचा बाजारभाव शेजारी उघडून ठेवायचा आणि आपल्याला मिळालेल्या रुपयांना भागून बघायचं. मी गणिताची बाई असून मला हे दीड महिन्यानी कळलं, काय सांगायचं.

सोपा उपाय लगेच केला, महिन्याचे आठ तास एकदम, ८० डॉलर. ३० सेंट आठ वेळा जायचे ते एकदाच गेले, महिन्याला १६५ च्या आसपास रुपये वाचले. मग मला अजून शहाणपण सुचलं की महिन्याचे कशाला तीन महिन्यांचे घेऊ. कॅलिफोर्नियाच्या एका आईने २४ तासांचे ३०० डॉलर एकदम दिले, आणि पाचव्या तासानंतर मुलाने फुटबॉल लावला म्हणून क्लास बंद. १९ तासांचे पैसे परत करायचे होते, केलेच, पण परत करताना ॲपने आधी कापलेली फी मला परत दिली नाही, आणि डॉलरचे रुपये होऊन बँकेत उतरलेले होते त्या बदलण्यातले ४ टक्के तर गेलेच. पाच तास शिकवले त्यातली दीड तासाची कमाई नुसती पैसे इकडून तिकडे करण्यात गेली. तेव्हापासून एक महिना आगाऊ, त्याच्यापेक्षा जास्त कोणी देतो म्हटलं तरी नको.

आता वेळेचं. ह्यात मी जास्त भोगलंय. एडिसनच्या पोरीचा क्लास त्यांच्या मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी ७ ला, म्हणजे आमच्या बुधवारी आणि शुक्रवारी पहाटे साडेपाचला. थंडीत साडेपाच म्हणजे काळोखच पण चालतंय, सासूबाई तसंही त्या वेळेला उठतात, चहा मिळायचा. मार्चमध्ये एका बुधवारी मी नेहमीसारखी साडेपाचला लॅपटॉप उघडला तर फोनवर चार मिस्ड कॉल, साडेचारपासूनचे. १० मार्चला त्यांची घड्याळं एक तास पुढे गेली होती! अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे, आपलं मात्र तिथेच. म्हणजे थंडीत आपल्यात आणि न्यू जर्सीत साडेदहा तासांचा फरक आणि बाकीच्या वर्षात साडेनऊ. ऐकायला वाटतं की फरक कमी झाला म्हणजे बरं झालं, पण माझ्यासाठी उलटं, त्यांचे संध्याकाळचे ७ माझे पहाटेचे साडेचार झाले. आणि हे असं वर्षातले ३४ आठवडे, साडेपाचवालं सुख फक्त १८ आठवडे.

एप्रिलपर्यंत मी साडेचारला उठत होते, आणि संध्याकाळच्या बॅचला फळ्यासमोर जांभया. एका मुलीने विचारलं बाई बरं नाही का. तेव्हा ठरवलं की ह्या तासाचे वेगळे पैसे घ्यायचे नाहीतर बंद करायचं.

पण जास्त म्हणजे किती आणि कुणाकडून? मी आधी देशाप्रमाणे लावायला निघाले होते, अमेरिका लांब म्हणून जास्त, दुबई जवळ म्हणून कमी. हे साफ चुकीचं होतं आणि ते मला कागदावर मांडल्यावर दिसलं. माझं घड्याळ मधे ठेवलं तर चित्रच वेगळं. सिडनीचे संध्याकाळचे ५ म्हणजे माझे सकाळचे साडेअकरा किंवा साडेबारा, मुलं शाळेत, स्वयंपाक झालेला, मी रिकामी, तो तास मला सगळ्यात स्वस्त. कॅलिफोर्निया न्यू जर्सीपेक्षा लांब, पण त्यांचे संध्याकाळचे ६ माझे सकाळचे साडेसहा नाहीतर साडेसात, म्हणजे न्यू जर्सीपेक्षा कितीतरी बरं. आणि दुबई, जी मला सोपी वाटत होती, तिथले ५ म्हणजे माझे साडेसहा, माझी भरलेली बॅच. त्या बॅचला १२ मुलं, प्रत्येकी महिन्याला २,०००, महिन्याचे साधारण २० तास, म्हणजे तासाला १,२०० रुपये. तो तास दुबईला ९०० ला दिला तर मी स्वतःच्या खिशातून ३०० घातले. दुबईच्या पालकांना मी सरळ सांगितलं की साडेसहा मिळणार नाही, माझे साडेआठ म्हणजे तुमचे ७ घ्या, त्याला जादा काही नाही. त्यांनी घेतले.

तर मी माझ्या घड्याळाचे तीन भाग केले. सकाळी ७ ते रात्री १० (बॅचच्या वेळा सोडून) मूळ दर, हातात ९०० रुपये तासाला पडले पाहिजेत. पहाटे ५ ते ७ त्यावर १५०. आणि ५ च्या आधी किंवा रात्री १० च्या पुढे ३५०. हे १५० आणि ३५० कुठून आले म्हणाल तर शास्त्र काही नाही, मी स्वतःला विचारलं की किती मिळाले तर अलार्म वाजल्यावर चिडचिड होणार नाही, ३५० ला होणार नाही असं वाटलं.

आता एडिसनचं काय, साडेचार अर्धंअधिक वर्ष आणि साडेपाच उरलेलं. दोनदा दर बदलणं मला नको होतं, नोव्हेंबरमध्ये कमी करा मार्चमध्ये वाढवा, लोकांच्या डोक्यात राहत नाही आणि वाढवताना दर वेळी नव्याने सांगावं लागतं. म्हणून सरासरी काढली, ३४ आठवडे ३५० आणि १८ आठवडे १५०, बेरीज भागिले ५२, आले २८०. म्हणजे वर्षभर हातात १,१८० चा एकच दर. भाऊजींना हे सगळं कागदाचा फोटो काढून पाठवलं. मला वाटलं वाईट वाटेल, घरचेच ना. त्यांचं उत्तर, वहिनी मग ८ ला घेतला तर? बघितलं तर त्यांचे ८ म्हणजे माझे साडेपाच नाहीतर साडेसहा, वर्षभर १५० च्याच भागात. तासाला १३० रुपये त्यांचे वाचले आणि माझी एक तास झोप वाचली. मी चार महिने साडेचारला उठले असते आणि कुणीच म्हटलं नसतं की ८ ला चालेल, कारण मी कधी सांगितलंच नव्हतं की त्या वेळेची मला किंमत पडते.

लंडनच्या एकांचं तर अजून सोपं निघालं. त्यांना रोजचे संध्याकाळी ६ हवे होते, माझे रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा, ३५० जादा. म्हटलं शनिवारी सकाळी ९ ला उठता का? माझी दुपार असते ती. उठतात आता, बिचारा पोरगा डोळे चोळत बसतो पण बसतो. फक्त ब्रिटनची घड्याळं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, अमेरिकेच्या दिवशी नाही, आणि सिडनीची तर एप्रिल आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आणि ती पण उलट्या दिशेने, त्यामुळे मार्च-एप्रिलात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन रंगांची पेनं चालतात. आठवडाभर आधी प्रत्येकाला मेसेज जातो, त्यात त्यांचा वार आणि वेळ आणि माझा वार आणि वेळ दोन्ही लिहिते, कारण त्यांचा मंगळवार माझा बुधवार असतो ह्यावरून पण एकदा गोंधळ झालाय.

चलन कुठलं घ्यायचं ह्यावर घरात दोन मतं होती. हे म्हणत होते रुपयात फी सांग, डोक्याला ताप नाही, भाव वरखाली झाला तर त्यांचं ते बघतील. ते खरं आहे, मला दर महिन्याला तेवढेच मिळतील. पण रुपयात सांगितलं की दोन गोष्टी होतात. एक, पालकाला दर महिन्याला वेगळी रक्कम पाठवावी लागते आणि तो दर वेळी विचारतो ताई ह्या महिन्याचे किती. दुसरं, रुपया वर्षानुवर्षं बघितला तर घसरतच आलाय, मी सुरुवात केली तेव्हा ८३ होता, २०२५ च्या मध्याला ८६ च्या आसपास, तो घसरण्याचा फायदा रुपयात फी लावली तर पालकाला आणि डॉलरमध्ये लावली तर मला. म्हणून पालक ज्या चलनात पगार घेतो त्या चलनात फी. अमेरिकेला डॉलर, लंडनला पाउंड, सिडनीला त्यांचा डॉलर. दुबईला दिरहॅम वेगळा काढायची गरज पडली नाही, दिरहॅम डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७, कित्येक वर्षं तसाच, म्हणून त्यांना डॉलरचाच दर.

उलटा झटका पण बसू शकतो, रुपया महिनाभर वधारला तर माझे कमी होणार, म्हणून हिशोब करताना मी बाजारभाव धरत नाही, दोनेक रुपये कमी धरते. ८६ होता तेव्हा ८४ धरला. आणि फी बदलणार ती फक्त जूनमध्ये.

मधल्या काळात पैसे आणायची अजून एक वाट सापडली. काही कंपन्या आपल्या नावाने अमेरिकेतला, ब्रिटनमधला खातेनंबर देतात, पालक तिकडच्या तिकडे साधी बँक ट्रान्सफर करतो, आणि आपल्याला बाजारभावाच्या जवळ रुपये मिळतात. घेताना एवढं बघितलं की रिझर्व्ह बँकेने ज्यांना सीमापार पेमेंटची परवानगी दिली आहे त्यांच्यापैकी आहे का, आणि प्रत्येक रकमेचा बाहेरून पैसे आल्याचा दाखला देतात का, सीए काकांना तो लागतो. आणि फी टक्क्यात आहे का ठोक आहे. हे फार महत्त्वाचं, एक कंपनी प्रत्येक वेळी ठोक १९ डॉलर घेत होती, मोठ्या रकमेला ते काहीच नाही पण माझ्या १०० डॉलरला १९ टक्के. मी घेतलेली १ टक्का आणि त्यावर जीएसटी, म्हणजे १.१८.

आता एडिसनचा आकडा करून दाखवते. हातात पाहिजेत तासाला १,०५०, आठ तासांचे ८,४००. भाव ८४ धरला तर बरोब्बर १०० डॉलर माझ्यापर्यंत पोचले पाहिजेत. इथे बहुतेक लोक १०० मध्ये १.१८ मिळवतात, पण कापतात ते आपल्याला हव्या असलेल्या रकमेवर नाही, पालकाने पाठवलेल्या रकमेवर, म्हणून मिळवायचं नाही, भागायचं. १०० भागिले ०.९८८२, आले १०१.१९. टक्का लहान असला की फरक काही सेंटचाच पडतो, पण कार्डवाल्या ॲपला बघा. तिथे ८४ न धरता बाजारभाव ८६ च धरला तरी भावात ४ टक्के जाणार, ८६ चे झाले ८२.५६. ८,४०० भागिले ८२.५६ म्हणजे १०१.७४, त्यात ठरलेले ३० सेंट मिळवले, १०२.०४, आणि भागिले ०.९५६. आले १०६.७४. एकाच हातातल्या पैशाला एकीकडे १०१ आणि एकीकडे १०७.

मी सुरुवातीला बिलावर वेगळी ओळ टाकली होती, पेमेंट फी इतकी इतकी. लंडनच्या गृहस्थांनी सभ्यपणे सांगितलं की त्यांच्याकडे ग्राहकाला कार्डाचा असा वेगळा चार्ज लावायला दुकानांना २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे असं बघितलं की खटकतं. आणि नंतर ॲपच्या अटी वाचल्या तर त्यांना पण असं वरून लावलेलं चालत नाही. मग उलटं केलं. दरपत्रकात एकच आकडा, एडिसनला १०८ डॉलर, आणि खाली लिहिलं बँक ट्रान्सफरने दिले तर ४ डॉलर सूट, १०४. पालकाला सूट मिळाली म्हणून आनंद, आणि मला १०४ मधून ८६ च्या भावाने ८,८०० च्या वर मिळतात, कार्डाच्या १०८ मधून ८,५००. पाचातले चार पालक महिनाभरात बँकेवर आले, एकही फोन करावा लागला नाही.

सिडनीच्या बाबांनी मात्र माझा मेसेज नीट न वाचता बँकेत जाऊन परदेशी ट्रान्सफर केली, माझ्या इथल्या खात्यात थेट. १३६ त्यांचे डॉलर, माझ्या हिशोबाने ७,४०० च्या आसपास, आले सहा हजारांच्या आत. वाटेत कुठल्यातरी मधल्या बँकेने कापले, मग इथल्या बँकेने भाव कमी दिला, मग आणावळ आणि त्यावर जीएसटी. मी बँकेत विचारायला गेले तर तिथल्या मुलाने दाखवलं की फॉर्मवर SHA निवडलं होतं, म्हणजे वाटेतला खर्च माझ्या माथ्यावर, OUR निवडलं असतं तर तो पाठवणाऱ्याकडून गेला असता. आता दरपत्रकात शेवटी एक ओळ आहे, फी ही माझ्यापर्यंत पोचलेली रक्कम धरली जाईल. त्यांनी पुढच्या महिन्यात फरक भरून दिला, मी न मागता, आणि सोबत लिहिलं सॉरी ताई, मला वाटलं बँक म्हणजे सगळ्यात स्वस्त.

काकांनी अजून एक सांगून ठेवलंय, बाहेरच्या मुलांची फी निर्यात धरली जाते आणि तिच्यावर जीएसटी भरावा लागत नाही, पण वीस लाखांची मर्यादा मोजताना ती सुद्धा बेरजेत येते. माझी बेरीज त्याच्या जवळपासही नाही. पण वही ठेवलीये, प्रत्येक पालकाचं एक पान, वरच्या कोपऱ्यात त्यांचं घड्याळ कधी बदलतं ती तारीख.